एकाच पंपाचे दोन परतावे

आधी पैसे घालायचे आणि मग मिळवत राहायचे, अशा प्रकल्पात अंतर्गत परतावा दर (आयआरआर) एकच निघतो आणि भांडवलाच्या खर्चाशी त्याची तुलना करता येते. रोकड प्रवाहाचे चिन्ह दोनदा बदलले की मात्र ही खात्री उरत नाही. १९५५ साली शिकागो विद्यापीठाच्या जेम्स लॉरी आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी मांडलेले तेलविहिरीचे उदाहरण पाहा. जुन्या पंपाने उरलेल्या तेलाचे १०,००० डॉलर दोन वर्षांनी मिळणार आहेत. १,६०० डॉलरचा मोठा पंप बसवला, तर तेच १०,००० वर्षभरातच मिळतील. म्हणजे नव्या पंपामुळे पडणारा फरक असा: आज १,६०० जातात, वर्षाअखेर १०,००० येतात आणि दुसऱ्या वर्षाअखेर १०,००० वजा होतात, कारण ते तेल आधीच उपसून झालेले असते. याचा आयआरआर २५ टक्के येतो आणि ४०० टक्केही येतो.

दोन्ही उत्तरे पडताळून पाहिली की कारण उघड होते. २५ टक्क्यांनी १,६०० चे २,००० होतात. आलेल्या १०,००० मधून ते वळते केले की ८,००० उरतात, आणि त्यांचे २५ टक्क्यांनीच पुढच्या वर्षी १०,००० होतात. ४०० टक्क्यांनी १,६०० चे ८,००० होतात, उरलेल्या २,००० चे पुन्हा ४०० टक्क्यांनी १०,०००. पहिल्या वर्षी आपले पैसे प्रकल्पात अडकलेले असतात, दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचे पैसे आपल्या हातात असतात. चढा दर पहिल्या वर्षी आपले येणे फुगवतो, दुसऱ्या वर्षी हातातल्या शिलकीवर तितकीच अवाजवी कमाई गृहीत धरतो. एकाच दराला दोन्ही कामे दिल्यामुळे हिशेब दोन ठिकाणी जुळतो.

मग व्यवहार्य वाटणारे २५ टक्केच का धरू नयेत? एक्सेलमध्ये `=IRR(A1:A3)` लिहिले तर तेच येते. `=IRR(A1:A3,3)` लिहून शोध ३०० टक्क्यांपासून सुरू केला की ४०० येते. पण पैसे बाहेर १० टक्क्यांनीच गुंतवता येत असतील, तर १०,००० चे ११,००० होतील, त्यातले १०,००० वजा झाल्यावर हाती १,००० उरतील, आणि घातले होते १,६००! निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे उणे ७७४ डॉलर येते. पंप तोट्याचा आहे, आणि दोन्ही आयआरआर १० टक्क्यांहून कितीतरी मोठे आहेत.

असे प्रवाह दुर्मीळ असतात, हा आक्षेपही टिकत नाही. खाण बंद करताना खड्डे बुजवून जमीन सावरावी लागते, आणि तो खर्च शेवटी येतो. चिन्ह दोनदा बदलले म्हणजे दोन उत्तरे येतीलच असे नाही. देकार्तच्या नियमाने फक्त कमाल संख्या कळते, एखादे वेळी एकही उत्तर नसते. म्हणून अहवालात आयआरआर दिसला की आधी प्रवाहाची चिन्हे मोजा. ती एकाहून जास्त वेळा बदलत असतील, तर भांडवलाचा खरा दर लावून निव्वळ वर्तमान मूल्य मागा आणि निर्णय त्यावरच घ्या.