वाटेवरचा माल

एका शाखेतून निघालेला माल दुसरीत पोहोचेपर्यंत कोणत्याच दुकानात नसतो. म्हणून त्याचे खाते वेगळे ठेवतात. पुण्याच्या दुकानाने साताऱ्याला 40 साड्या पाठवल्या, की पुण्याचा साठा 40 ने घटतो आणि ‘वाटेवरचा माल’ या खात्यात तेवढीच भर पडते. साताऱ्याने गठ्ठा सोडून, मोजून 38 ची पोच दिली, तर तिथे 38 च जमा होतात. 2 वाटेवरच्या खात्यात उरतात. न मोजता चलनावरचा आकडा पाहून पोच देणे ही सर्वांत घातक सवय, कारण ती तूट पुढे साताऱ्याच्याच माथी येते. पुण्याने पोच पडताळून शोध घ्यावा: साड्या तिथेच राहिल्या असतील तर साठ्यात परत घ्याव्यात, गहाळ असतील तर नुकसानीत टाकाव्यात. तोवर ते खाते बंद करू नये.