फोटोवरचा मथळा आजींना वाचता येतो का?

पावसाळ्यात हिंदमाता परिसरात पाणी साचले की परळ, लालबाग, दादरमधली कितीतरी माणसे गुडघाभर पाण्यातून घर गाठतात. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असेल, तर पायावरच्या बारीकशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली आहे. पाण्यातून चालून आल्यावर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना भेटले, तर प्रतिबंधक औषध देता येते. त्यामुळे या सूचनेत '७२ तासांत' हे शब्द वाचले जाणे सर्वांत महत्त्वाचे.

अशी सूचना आता एआयने बनवलेल्या, हुबेहूब फोटोसारख्या दिसणाऱ्या चित्रावर लिहून सोसायटीच्या फलकावर लावतात, व्हॉट्सॲपवर पाठवतात. समजा, चित्रात तुंबलेला रस्ता आहे, छत्र्या आहेत, गाड्यांचे दिवे पाण्यात चमकताहेत आणि त्या पाण्यावरच पांढरा मथळा आहे. पंचविशीतला मुलगा तो सहज वाचेल. मोतीबिंदू सुरू झालेल्या आजी मात्र अडखळतील.

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते आणि आत येणारा प्रकाश विखुरतो. मग पांढरे अक्षर आणि त्यामागची चमक यांतला फरक पुसट होतो. दुसरी अडचण गर्दीची. अक्षरांच्या रेघांएवढ्याच जाडीच्या रेघा आणि ठिपके मागे असले, की मेंदूला अक्षर त्यांतून वेगळे काढावे लागते. देवनागरीत हे जास्त जाणवते. मागची विजेची तार किंवा रेलिंग शिरोरेषेत मिसळते आणि चमकत्या थेंबांत अनुस्वार हरवतो.

हा फरक मोजता येतो. त्याला कॉन्ट्रास्ट गुणोत्तर म्हणतात. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर ते २१ असते, एकाच रंगावर तोच रंग असेल तर १. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत साध्या अक्षरांना किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ लागते. ४.५ हा आकडा ठरवताना साधारण ६/१२ इतकी दृष्टी राहिलेल्या वृद्धांचा विचार केलेला आहे. म्हणून आरोग्याच्या सूचनेत मथळा मोठा असला तरी ४.५ च धरावे. झेंडूच्या नारिंगी रंगावर पांढरे अक्षर जेमतेम २ पर्यंत पोचते.

गुणोत्तर काढताना सरासरी रंग घेऊ नये. अक्षरांमागचा सर्वांत उजळ ठिपका घ्यावा, कारण वाचणारा तिथेच अडतो. आपल्या चित्रात तो म्हणजे पाण्यातले दिव्याचे प्रतिबिंब, जवळजवळ शुभ्र. त्यावर पांढरे अक्षर ४.५ पर्यंत न्यायचे तर मध्ये सुमारे ५५ टक्के काळा थर द्यावा लागतो. मग अक्षर वाचता येते, पण पाणीच दिसेनासे होते. ज्यासाठी चित्र काढले, तेच झाकले गेले.

म्हणून जागा आधी ठरवावी. चित्र मागतानाच सांगावे: वरच्या तिसऱ्या भागात फक्त करडे ढगाळ आकाश, तारा नाहीत, इमारती नाहीत, पाट्या नाहीत, माणसे आणि पाणी खाली. पाट्या नकोत, कारण एआयने काढलेल्या पाट्यांवर बऱ्याचदा अक्षरांसारखे निरर्थक आकार येतात आणि नजर तिकडे जाते. मथळाही एआयकडून लिहून न घेता नंतर स्वतः टाइप करावा. मध्यम करड्या ढगावर पांढरे अक्षर मुळातच साडेतीनच्या आसपास असते. २० टक्के काळा थर दिला की ते ५ च्या जवळ जाते आणि ढग ढगच राहतात.

हा थर एकदम संपला तर काळी पट्टी चिकटवल्यासारखी दिसते. म्हणून तो हळूहळू विरत न्यायचा. यालाच ग्रेडिएंट म्हणतात. यात नेहमी होणारी चूक अशी, की थर वरच्या कडेपासूनच फिका होऊ लागतो आणि मथळ्याच्या शेवटच्या ओळीखाली जेमतेम उरतो. मग पहिली ओळ स्पष्ट आणि दुसरी पुसट. तेव्हा शेवटच्या ओळीतल्या उकारांच्या खालपर्यंत थर पूर्ण २० टक्के ठेवावा आणि त्यानंतरच विरू द्यावा. मथळा खाली असेल तर उलट करावे, पहिल्या ओळीच्या वेलांट्या आणि रफारसुद्धा पूर्ण थरात घ्यावेत.

शेवटी तपासणी. चित्र कृष्णधवल करून पाहावे. फक्त रंगाच्या जोरावर उठून दिसणारे अक्षर इथे लगेच उघडे पडते. मग फोनचा प्रकाश अगदी कमी करून, हात लांब करून वाचावे. फलक छापायचा असेल तर एक नमुना लावून दुपारच्या उन्हात पाहावा, कारण चकचकीत फ्लेक्सवरची तिरीप पडद्यावर मोजलेले गुणोत्तर खाली आणते. सर्वांत खात्रीची परीक्षा मात्र इमारतीतल्याच एखाद्या आजींची. त्यांना फलकासमोर उभे करावे आणि काही न सांगता विचारावे, किती तासांत डॉक्टरकडे जायचे?