मध्यरात्रीची कळ

गाढ झोपेत असताना गुदद्वाराच्या आत, खोलवर, सुरी खुपसल्यासारखी कळ येते आणि माणूस ताडकन उठून बसतो. काही सेकंदांत ती असह्य होते, घाम फुटतो, कधी चक्कर आल्यासारखे वाटते. शौचाला बसून पाहिले तरी काही होत नाही. पाच-दहा मिनिटांनी ती आली तशीच निघून जाते आणि सकाळी सांगण्याजोगे काहीही शिल्लक राहत नाही. वैद्यकात या दुखण्याला ‘प्रॉक्टाल्जिया फ्युगॅक्स’ म्हणतात. ते पुष्कळांना होते, पण संकोचापायी डॉक्टरांना सांगणारे थोडे.

पोटरीत गोळा येतो तसाच हा पेटका गुदद्वाराभोवतीच्या स्नायूंत येतो, असे मानले जाते. त्यात आतल्या वर्तुळाकार स्नायूवर, म्हणजे मनुष्याच्या इच्छेने न हलणाऱ्या स्नायूवर, जास्त संशय आहे. काही कुटुंबांत हा स्नायू जाड असल्याचे आणि दुखणे आनुवंशिक असल्याचेही आढळले आहे. मात्र खात्रीने सांगणे अवघड, कारण तपासणीची वेळ येईपर्यंत झटका कधीच संपलेला असतो. तपासणीत काही न सापडणे, हेच या दुखण्याचे वैशिष्ट्य.

त्यामुळे निदान बरेचसे घड्याळावर चालते. झटका काही सेकंदांपासून फार तर 30 मिनिटांपर्यंत टिकतो आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात दुखण्याचा मागमूस नसतो. अनेकांना वर्षात पाचाहून कमी झटके येतात. त्याच भागातले दुखणे अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळत असेल, बसल्यावर वाढत असेल, तर ते बहुधा ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या ताणाचे, म्हणजे वेगळ्या विकाराचे असते.

खरा घोटाळा गळवाच्या बाबतीत होतो. समजा, चाळिशीतल्या एका गृहस्थांना वर्षातून तीन-चारदा असा पेटका येतो आणि त्यांना त्याची सवय झाली आहे. सोमवारी संध्याकाळी तिथे ठसठसू लागते. ‘नेहमीचेच’ म्हणून ते गरम पाण्यात बसतात. रात्री जाग येते, पण या वेळी कळ ओसरत नाही. मंगळवारी खुर्चीवर टेकता येत नाही, खोकले तरी ठणका उठतो. बुधवारी थंडी वाजून ताप येतो. हा पेटका नव्हे. गुदद्वाराच्या आतल्या बारीक ग्रंथीचे तोंड बंद होऊन तिथे जंतुसंसर्ग झाला आहे आणि पू साचत चालला आहे. बाहेर लाल, गरम, दुखरी गाठ हाताला लागली तर प्रश्न सुटतो. पण गळू खोल असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो. गळू चिरा देऊन मोकळे करावेच लागते, नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. पुढे काहींना त्याच जागी भगंदर होते. मधुमेह्यांमध्ये संसर्ग झपाट्याने पसरू शकतो, म्हणून त्यांनी तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.

बाकीची कारणे ओळखायला तुलनेने सोपी. फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर, शौचाच्या वेळी चिरल्यासारखी दुखते, नंतर तास-दोन तास आग होते आणि कागदावर लालभडक रक्त दिसते. बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठले तर एकाएकी निळसर, टणक गाठ येते. ती पहिले दोन-तीन दिवस फार दुखते, मग हळूहळू शमते. आतली मूळव्याध मात्र सहसा दुखत नाही, कारण त्या भागात वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे नाही. आपल्याकडे मात्र तिथले काहीही दुखले की मूळव्याधीचे नाव घेऊन दुकानातले मलम आणले जाते. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, तर ते पेटक्याच्या खाती टाकता येत नाही.

पेटक्यावर औषध देण्यातली अडचण उघड आहे. वेदनाशामक गोळी पोटात विरघळेपर्यंत झटका संपलेला असतो. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने स्नायू सैल पडून अनेकांना आराम वाटतो. ज्यांचे झटके लांबतात, त्यांना डॉक्टर कधी दम्याचा साल्ब्युटामॉल पंप देतात. त्याने झटका लवकर आटोपतो, असे एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. स्नायू सैल करणारे नायट्रोग्लिसरीन किंवा डिल्टियाझेमचे मलमही वापरतात, पण त्यातल्या नायट्रोग्लिसरीनने डोके दुखते आणि रक्तदाब उतरू शकतो. बहुतेकांना मात्र यातले काहीही लागत नाही. एकदा नीट तपासणी होऊन गळू, चीर आणि कर्करोग यांची शंका फिटली, की पुढच्या वेळी जाग आल्यावर घड्याळाकडे पाहून वाट बघणे पुरते.