फोन इंग्रजी, माणूस मराठी

समजा, एका नाटकाचा दौरा ठरला आहे. पहिला प्रयोग पुण्यात, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात. मग इंदूर, मग बंगळुरू आणि ऑक्टोबरअखेर लंडन. वर्तमानपत्रातली चौकट आजही लागते, पण ती पुण्यापुरती. बाकीच्या तिन्ही गावांतला प्रेक्षक गाठायचा तो फोनवरच. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणारी मेटा असो की गूगल, जाहिरात देताना दोन रकाने समोर येतात: ठिकाण कुठलं आणि भाषा कुठली. निर्मात्याच्या ऑफिसातला मुलगा चारही गावं एका दमात भरतो, भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडतो आणि चहाला जातो. गडबड तिथेच होते.

भाषेचा हा रकाना माणसाची मातृभाषा विचारत नाही, आणि विचारली तरी कंपनीला ती ठाऊक नसते. तिला दिसतं ते एवढंच: फोनवर फेसबुक कुठल्या भाषेत उघडलेलं आहे, शोध कुठल्या भाषेत घेतला जातो, काय वाचलं-पाहिलं जातं. आता आपल्या घरातले फोन आठवा. घरात अस्खलित मराठी, व्हॉट्सअ‍ॅपवर रोमन लिपीतलं मराठी आणि फोनची सेटिंग मात्र दुकानातून आणला तेव्हापासून इंग्रजीत. अशा माणसाची नोंद बहुधा ‘इंग्रजी’ अशीच होते. म्हणजे ‘मराठी’ निवडल्यावर ज्यांनी फोन किंवा फेसबुक मुद्दाम मराठीत करून घेतलं आहे, मुख्यतः तेच उरतात. नाटकाचं तिकीट काढणारा बराचसा शहरी प्रेक्षक तिथल्या तिथे गळतो.

म्हणून पुण्यासाठी सल्ला उलटा आहे: भाषेचा रकाना रिकामा ठेवा. मेटाची स्वतःची सूचनाही तीच आहे, की त्या ठिकाणी सर्रास न बोलली जाणारी भाषा हवी असेल तरच हा रकाना भरा. चाळणीचं काम जाहिरातीचा मजकूर करतो. मराठी न कळणारा माणूस मराठी वाक्य बघून अंगठ्याने पुढे सरकतो, आणि तो थांबत नाही हे पाहून यंत्रणाही तशा लोकांना जाहिरात कमी दाखवू लागते.

पुण्यात लक्ष द्यायचं ते ठिकाणाकडे. मेटात शहराचं नाव टाकलं की भोवती पंचवीस मैलांचं, म्हणजे चाळीस किलोमीटरचं वर्तुळ आपोआप येतं. शहराच्या नावाने ते सतरा किलोमीटरपेक्षा लहान करता येत नाही. चाळीस किलोमीटरमध्ये तळेगाव आलं, चाकण आलं. तिथला माणूस शुक्रवारी रात्री साडेनऊच्या प्रयोगाला कोथरूडला येईल का? एखादा येईलही, पण पैसे सगळ्यांवर खर्च होतात. त्याऐवजी नाट्यगृहावरच नकाशातली टाचणी रोवावी. टाचणीभोवतीचं वर्तुळ एका किलोमीटरपर्यंत लहान होतं. आठ-दहा किलोमीटर कोथरूडला पुरेसे आहेत. मुंबईत आणखी एक पंचाईत असते. वर्तुळाला पाणी दिसत नाही. नरिमन पॉइंटवर टाचणी रोवून पंधरा किलोमीटर दिले, की समुद्रापलीकडचं उरण आत येतं. उरणकराने नाटक सुटल्यावर रात्री घरी कसं जायचं, याचा विचार नकाशा करत नाही. अशी गावं वेगळी वगळावी लागतात, आणि ‘वगळा’ हा पर्याय त्याच रकान्यात असतो.

महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलं की हिशोब बदलतो. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे ८ कोटी ३० लाख होते; कर्नाटकात सुमारे २० लाख, मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख. कर्नाटकातला आकडा बघून कुणी अख्खं राज्य निवडेल, तर जाहिरात जाईल बेळगावकडे, कारण तिथल्या मराठी माणसांचा मोठा भाग सीमाभागात आहे आणि प्रयोग आहे पाचशे किलोमीटर दूर बंगळुरूत. तेव्हा राज्य नाही, शहरच निवडायचं. पण बंगळुरूत भाषेचा रकाना रिकामा ठेवला तर कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी असे सगळेच आत येतात. ‘मराठी’ निवडलं तर मूठभर उरतात. मग काही जण तडजोड म्हणून ‘मराठी’ आणि ‘इंग्रजी’ दोन्ही निवडतात, आणि ही चूक सगळ्यात महागात पडते. दोन भाषा निवडल्या की यंत्रणा त्याचा अर्थ ‘दोन्ही येणारे’ असा घेत नाही, ‘यांपैकी कुठलीही एक’ असा घेते. इंग्रजीत फेसबुक वापरणारं सगळं बंगळुरू त्यात आलं.

आवडीनिवडींचा रकाना इथे थोडी मदत करतो. मराठी चित्रपट, मराठी वाहिन्या अशा गोष्टी तिथे निवडता येतात. मात्र मेटाच्या सध्याच्या आपोआप चालणाऱ्या पद्धतीत ठिकाण आणि भाषा या अटी मानल्या जातात, आवडीनिवडी ही नुसती सूचना. यंत्रणेला वाटलं तर ती सूचना ओलांडून पुढे जाते. त्यामुळे रकाना भरला म्हणजे जाहिरात तिथेच राहील, असं धरून चालू नये.

इंदूर तर त्याहून अवघड. होळकरांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत, ‘सानंद’सारखी संस्था तिथे मराठी नाटकांचे प्रयोग लावते, तेव्हा प्रेक्षक आहे यात शंका नाही. पण घरात मराठी बोलणाऱ्या इंदूरकराचा बाजार, शाळा, ऑफिस हिंदीत; फोन हिंदीत नाहीतर इंग्रजीत. त्यात लिपी एकच. ‘नाटक’, ‘विनोदी’, ‘तिकीट’ हे शब्द हिंदी वाचकालाही कळतात, तो कुतूहलाने जाहिरातीवर टिचकी मारतो आणि प्रत्येक टिचकीचे पैसे निर्मात्याच्या खात्यातून जातात. हे होतंय हे ओळखायची खूण साधी आहे: टिचक्या भरपूर, तिकिटं नगण्य आणि जाहिरातीखाली प्रतिक्रिया हिंदीत.

इथे उपयोगी पडणारी पद्धत दोन टप्प्यांची आहे. मराठी माणूस कोण हे रकान्यांना विचारायचं नाही, त्याच्या पाहण्यावरून ओळखायचं. पहिल्या टप्प्यात नाटकातला तीस-चाळीस सेकंदांचा एक प्रवेश अख्ख्या इंदूरला दाखवायचा, भाषा न निवडता, तिकिटाचा उल्लेखही न करता. प्रवेश संवादाचा हवा. नाचगाणं असेल तर मराठी न कळणाराही शेवटपर्यंत बघेल. आणि खाली हिंदी किंवा इंग्रजी ओळी अजिबात द्यायच्या नाहीत, नाहीतर चाळणीला भोक पडलंच. तो प्रवेश निम्म्याहून जास्त पाहिलेल्यांची यादी मेटा तयार करून देते. त्यांची नावं आपल्याला दिसत नाहीत, पण जाहिरात फक्त त्यांनाच दाखवता येते. समजा, चाळीस हजार फोनवर तो प्रवेश गेला आणि अडीच हजार लोक अर्ध्यापुढे गेले. तीस सेकंदांच्या मराठी चटपटीत संवादावर हिंदी माणूस क्वचितच पंधरा सेकंद टिकतो. म्हणजे या अडीच हजारांत मराठी कळणारेच जास्त. दुसऱ्या टप्प्यात तारीख, वेळ, नाट्यगृह आणि तिकिटाचा दुवा असलेली जाहिरात यांच्यापुढे ठेवायची. यादी शंभराच्या वर असली तर तिच्यासारखे आणखी लोक शोधून द्यायलाही मेटाला सांगता येतं. हे सगळं प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात सुचून उपयोग नाही. पहिल्या टप्प्यालाच आठ-दहा दिवस द्यावे लागतात.

गूगलचं गणित वेगळं आहे, कारण तिथे माणूस स्वतःहून शोधायला आलेला असतो. ‘मराठी नाटक’ असं शोधणाऱ्याची भाषा वेगळी ओळखायची गरजच नाही. मात्र तो ते शब्द देवनागरीत लिहील याची खात्री नसते. बहुतेक वेळा तो `marathi natak indore` असं रोमन लिपीत टाकतो, कधी `marathi play`. म्हणून शोधशब्द दोन्ही लिप्यांत द्यायचे आणि भाषेच्या रकान्यात मराठी, इंग्रजी, हिंदी तिन्ही ठेवायच्या. मेटावर जी चूक म्हटली, तीच गोष्ट इथे बरोबर आहे, कारण इथे चाळणी शोधशब्दाची आहे.

गूगलचा खरा सापळा ठिकाणाच्या रकान्यात आहे, आणि तो बहुतेकांना दिसत नाही कारण तो आणखी एक टिचकी मारल्यावरच उघडतो. मूळ निवड `Presence or interest` अशी असते. म्हणजे त्या ठिकाणी असलेले लोक आणि त्या ठिकाणात रस दाखवणारे लोक, दोन्ही. लंडनच्या प्रयोगाची जाहिरात या निवडीवर सोडली, की लंडनला मुलगी असलेल्या, लंडनचं हवामान आणि विमानभाडं शोधणाऱ्या पुण्यातल्या आईवडिलांनाही ती दिसू लागते. ‘फक्त तिथे असलेले’ यासाठी `Presence` निवडावं लागतं. (पुण्याचे वडील कधीकधी मुलीसाठी तिकीट काढतातही, हे मान्य. पण त्यांच्यासाठी वेगळी, छोटी जाहिरात करावी. लंडनचा खर्च त्यांच्यावर होऊ देऊ नये.) जाहिरात चालू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी ठिकाणांचा अहवाल उघडायचा आणि बघणारा प्रत्यक्ष कुठे होता ते पाहायचं. त्यात पुणे, नाशिक दिसू लागलं की समजावं, निवड चुकली.

मेटावर लंडनसाठी शहराभोवतीचं वर्तुळ मोठंच ठेवावं, कारण स्लाव, हाउन्स्लो, हॅरो असा प्रेक्षक पसरलेला असतो आणि तो रेल्वेने तास-दीड तास सहज येतो. इथे तळेगावचा हिशोब लागू नाही. १९३२ साली स्थापन झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ सोबत असेल, तर त्यांच्या सभासदांना त्यांनी स्वतः पाठवलेली एक ई-मेल वर्तुळापेक्षा जास्त तिकिटं विकेल, असं माझं स्पष्ट मत आहे. जाहिरात त्या यादीबाहेरच्या लोकांसाठी, म्हणजे मुख्यतः अलीकडे कामासाठी गेलेल्या तरुणांसाठी. त्यांच्याकडेही इंदूरच्याच दोन टप्प्यांनी जावं लागतं, कारण त्यांचेही फोन इंग्रजीतच.

चारही गावांची जाहिरात एकत्र चालवू नये याचं कारण पैशांचं आहे. एकाच बजेटमध्ये पुणे आणि लंडन टाकलं तर यंत्रणा स्वस्त टिचक्यांकडे धावते आणि स्वस्त टिचक्या भारतातच मिळतात. आठवड्याने बघावं तर पुण्याचा प्रयोग तसाही भरलेला आणि लंडनला जाहिरात गेलेलीच नाही. गावागणिक वेगळं बजेट, वेगळा मजकूर, वेगळा दुवा. लंडनच्या दुव्यावर किंमत पौंडात आणि वेळ तिथली.

वेळेवरून शेवटचा घोळ होतो. गूगलचं जाहिरातीचं वेळापत्रक खात्याच्या घड्याळाने चालतं, बघणाऱ्याच्या नाही. खातं पुण्यात उघडलेलं असेल तर ‘संध्याकाळी सात ते दहा’ म्हणजे भारतातले सात ते दहा, लंडनमधली भर दुपार. तिथले सात ते दहा हवे असतील तर उन्हाळी वेळेत आपल्याकडचे रात्री साडेअकरा ते अडीच भरावे लागतात, म्हणजे मध्यरात्रीनंतरचा तुकडा दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासाने मागे जातात. दौरा नेमका त्याच सुमाराचा असेल, तर सोमवारी सकाळी वेळापत्रक उघडून सगळे आकडे तासाने पुढे सरकवायचे: साडेबारा ते साडेतीन.