एक मांडव, चार पथ्यं

नगर जिल्ह्यातलं एक रिसेप्शन आपण डोळ्यांसमोर आणू. महिना डिसेंबर, मुलगी जैन, मुलगा मुसलमान, पाहुण्यांत पुण्याचं एक बेने इस्राएल कुटुंब. पत्रिकेत वेळ सायंकाळी सातची. पहिली चूक इथेच होते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि चौविहार पाळणारे जैन त्यानंतर पाणीही घेत नाहीत. म्हणजे त्यांची पंगत पाचलाच बसायला हवी.

शाकाहारी स्वयंपाक आपण सगळाच जैन पद्धतीचा करू. कांदा, लसूण, बटाटा नाही. बटाट्याऐवजी कच्ची केळी. तो सर्वच शाकाहाऱ्यांना चालतो.

हलाल मटणाची चूल, भांडी आणि वाढपी वेगळे ठेवायचे. मटणाची पळी चुकून वरणात गेली, की ते वरण जैनांसाठी संपलं.

आता बेने इस्राएल पाहुणे. हलाल मटण म्हणजे कोशर नव्हे. कोशरसाठी प्राणी कापणारा त्यातलं शिक्षण घेतलेला ज्यू लागतो आणि मांसाबरोबर दही-तूप चालत नाही. म्हणून त्यांच्यातले बरेच जण बाहेर शाकाहारीच जेवतात. पण कडक पाळणाऱ्यांना आपली भांडीही चालत नाहीत. त्यांना आधीच विचारावं आणि निदान न कापलेली फळं तरी ठेवावीत.