महानगर प्रदेश एक, पण नियोजन कोणाचं? कल्याणजवळच्या २७ गावांचा धडा

नागरी अभ्यासाच्या प्रस्तावांमध्ये एक वाक्य बऱ्याचदा असतं: ‘अभ्यासक्षेत्र – मुंबई महानगर प्रदेश’. त्याखाली एक नकाशा, त्यावर एक जाड रेघ. रेघेच्या आत एमएमआरडीए नियोजन करते आणि बाहेर करत नाही, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती टिकतं ते आधी बघू. मग कल्याण-डोंबिवलीजवळच्या २७ गावांचं उदाहरण घेऊन त्यामुळे आकडेवारीत काय गोंधळ होतो ते पाहू.

प्रदेश आधी, प्राधिकरण नंतर

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. त्याच्या कलम ३ नुसार राज्य सरकार एखादं क्षेत्र ‘प्रदेश’ म्हणून जाहीर करू शकतं. मुंबई आणि तिच्या आसपासच्या भागाचा प्रदेश असा १९६७ मध्ये जाहीर झाला. त्याची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. एमएमआरडीए मात्र १९७५ मध्ये आली, तीसुद्धा १९७४ च्या वेगळ्या कायद्याने. म्हणजे प्रदेशाची हद्द आणि प्राधिकरणाचे अधिकार यांची मुळं दोन वेगळ्या कायद्यांत आहेत.

आज या प्रदेशात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन पूर्ण जिल्हे येतात. ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांचे काही भाग येतात. आत नऊ महानगरपालिका आहेत, शिवाय नगरपरिषदा आणि शेकडो ग्रामपंचायती.

रेघेच्या आत चार प्रकारची जमीन

प्रादेशिक योजना संपूर्ण प्रदेशाला लागू असते. पण ती ढोबळ असते: नागरीकरण कुठे होऊ द्यायचं, हरित पट्टा कुठे, मोठे रस्ते आणि रेल्वे कुठून. अमुक भूखंडावर शाळेचं आरक्षण आहे की नाही, हे विकास योजनेत ठरतं. ती कोण करतं, यावरून चार प्रकार पडतात.

पहिला, महानगरपालिका किंवा नगरपरिषदेची हद्द. इथे विकास योजना आणि बांधकाम परवानगी, दोन्ही सहसा त्या संस्थेकडेच असतं. एमएमआरडीए तिथे पूल बांधेल, मेट्रो आणेल, पण इमारतीचा नकाशा मंजूर करणार नाही.

दुसरा, विशेष नियोजन प्राधिकरणाचं क्षेत्र. कायद्याच्या कलम ४० नुसार सरकार ठरावीक भागासाठी असं प्राधिकरण नेमतं. वांद्रे-कुर्ला संकुल हे ओळखीचं उदाहरण. ते मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, पण तिथलं नियोजन एमएमआरडीए करते.

तिसरा, नवीन शहरासाठी नेमलेल्या प्राधिकरणाचं क्षेत्र. नवी मुंबईसाठी सिडको आली ती अशीच.

चौथा, वरच्या कशातच न बसणारी गावं. इथे विकास योजना नसते. जमिनीच्या वापरात बदल करायचा तर प्रादेशिक योजना बघून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

आता खरी अडचण: एकच गाव काळाच्या ओघात एका प्रकारातून दुसऱ्यात जातं. नकाशावरची जाड रेघ मात्र तसूभर हलत नाही.

२७ गावं: पालिकेत, बाहेर, पुन्हा आत

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली तेव्हा ही गावं तिच्यात घेतली गेली. गावकऱ्यांचा विरोध होता. २००२ मध्ये सरकारने २७ गावं वगळली आणि तिथला कारभार ग्रामपंचायतींकडे गेला. २००६ मध्ये एमएमआरडीएला तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. म्हणजे दिवाबत्ती आणि घरपट्टी ग्रामपंचायतीकडे, पण बांधकाम परवानगी एमएमआरडीएकडे. डोंबिवलीला लागून असलेल्या भागात घरांची मागणी प्रचंड. परवानगी देणारा एक आणि रोजचा कारभार बघणारा वेगळा, अशा फटीत विनापरवाना बांधकामाला वाव मिळतो. ‘ग्रामपंचायतीची परवानगी’ दाखवून विकलेल्या इमारतींचा प्रश्न अशाच फटीतून येतो.

जून २०१५ मध्ये गावं पुन्हा पालिकेत आली. पण त्यातल्या निळजे, काटई, भोपर, हेदुटणे अशा १० गावांवर एमएमआरडीएने कल्याण विकास केंद्र आखलं आणि तिथल्या नियोजनाचे अधिकार तिच्याकडे राहिले. म्हणजे पालिकेच्या आत पुन्हा दुसऱ्याचं क्षेत्र. २०२० मध्ये सरकारने १८ गावं परत वगळायची अधिसूचना काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आकडे कसे फसवतात

जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली पालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ११.९३ लाख होती आणि २०११ मध्ये सुमारे १२.४७ लाख. दहा वर्षांत वाढ जेमतेम साडेचार टक्के! हा आकडा तसाच उचलला तर ‘कल्याण-डोंबिवलीची वाढ थांबली’ असा निष्कर्ष निघतो. त्या काळात लोकलने प्रवास केलेल्या कुणालाही तो पटणार नाही.

कारण हद्दीत आहे. २००१ च्या आकड्यात २७ गावं आहेत, २०११ च्या आकड्यात नाहीत. आपण दोन वेगळ्या क्षेत्रांची तुलना करतोय.

मग दुरुस्ती कशी करायची? सहज सुचतं की २००१ मधून गावं वजा करावीत. पण तेव्हा ती पालिकेचा भाग होती, त्यामुळे तिथले आकडे प्रभागांनुसार आहेत, गावांनुसार नाहीत. प्रभागाची सीमा गावाच्या शिवेशी जुळेलच असं नाही. म्हणून उलट दिशेने जायचं. २०११ मध्ये ही वस्ती गावं किंवा ‘जनगणना शहरं’ म्हणून स्वतंत्र मोजली गेली. तो आकडा २०११ च्या पालिकेत मिळवायचा, म्हणजे दोन्ही वर्षांचं क्षेत्र सारखं होतं. यात एक काळजी घ्या: फक्त गावांची यादी चाळली तर जनगणना शहरं सुटतात, कारण जनगणनेत त्यांची नोंद नागरी भागात असते.

जिल्ह्याच्या पातळीवरही हेच होतं. पालघर जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये वेगळा झाला, म्हणून २०११ च्या जनगणनेतला ‘ठाणे जिल्हा’ आजचा ठाणे जिल्हा नाही.

तुमच्या अभ्यासासाठी एक तक्ता

प्रत्येक गावाच्या प्रत्येक कालावधीसाठी एक ओळ करा. रकाने पाच: कालावधी, स्थानिक संस्था, विकास योजना करणारं प्राधिकरण, बांधकाम परवानगी देणारं कार्यालय आणि हा बदल करणाऱ्या अधिसूचनेची तारीख. शेवटचा रकाना राजपत्रातून भरा, बातमीवरून नको. बातमी बहुतेकदा घोषणेची असते. प्रारूप अधिसूचना, हरकती-सूचना आणि अंतिम अधिसूचना यांत बरेच महिने जातात, आणि २०२० सारखं प्रकरण कोर्टात गेलं तर अंतिम अधिसूचनाही टिकत नाही.

नियोजन प्राधिकरणाचे आणि परवानगीचे रकाने वेगवेगळे ठेवा. विशेष प्राधिकरण असलेल्या क्षेत्रात बहुधा दोन्हीकडे एकच नाव येईल, पण ग्रामीण पट्ट्यात नाही: योजना प्रादेशिक, परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची. आणि स्थानिक संस्थेच्या रकान्यातलं नाव या दोन्हींपेक्षा वेगळं निघालं, की २७ गावांसारखी फट तिथे असू शकते. क्षेत्रकार्याला जाताना अशी गावं आधी निवडा.