संकष्टी चतुर्थी: चंद्रोदयाची वेळ आपल्याच शहराची पाहा
कृष्ण पक्षातली चतुर्थी ज्या दिवशी चंद्रोदयाला असते, त्या दिवशी संकष्टी. दिवसा तृतीया असली तरी चालते. चंद्र उगवल्यावर गणपतीला नैवेद्य दाखवून उपवास सोडतात.

पण व्हॉट्सअॅपवर आलेली वेळ कोणत्या शहराची? नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे ६ अंश आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे मुंबईत चंद्रोदय ९.१० ला असेल, तर नागपुरात साधारण पावणेनऊलाच. नागपूरकराने मुंबईची वेळ पाळली तर फक्त भूक वाढते. मुंबईकराने नागपूरची पाळली तर चंद्र उगवलेलाच नसतो.

दिनदर्शिकेत जवळच्या शहरासमोरची वेळ पाहा, अॅपमध्ये आधी शहर बदला. पावसाळ्यात चंद्र ढगाआड असला, तरी पंचांगातली वेळ झाली की घरोघरी पानं वाढली जातात.